परात, पॅनेल आणि लाल बाटला

आमच्या पेठेतल्या बचत गटाच्या बायका वर्षभर घरगुती फराळ करून देतात. दिवाळीच्या आधी महिनाभर तर एकेका घरात रात्री अकरापर्यंत कढई उतरत नाही. त्यांनी स्वतःसाठी एक छोटी पुस्तिका केली आहे: घरात आग लागली तर काय करायचं, आणि आग विझवायचा बाटला घ्यायचा असेल तर कुठला घ्यायचा. मी तीस वर्षं वायरमन म्हणून काम केलंय. पेठेतल्या निम्म्या घरांची डीबी माझ्या हातची आहे. म्हणून प्रस्तावना मी लिहावी असं ठरलं. खरं कारण वेगळं आहे, ते पुढे येईलच.

8 ऑगस्ट 2024च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा अर्धं कोल्हापूर खासबागेच्या बाजूला उभं होतं. दुसऱ्या दिवशी 9 ऑगस्टला केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर डोळ्यांदेखत गेलं. त्यानंतरचे काही महिने मला फोन येत राहिले, ‘दादा, आमच्याकडं एक बाटला बसवायचा आहे, कुठला आणू?’ लोक दुकानात जायचे, लाल रंगाचा, बरा दिसणारा एक बाटला आणायचे आणि स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीच्या वर खिळ्याला अडकवायचे. बाटल्यावर ए, बी, सी अशी तीन अक्षरं असायची. तीन अक्षरं आहेत म्हणजे सगळंच आलं, असं माणसाला वाटणारच. मलाही वाटायचं.

माझी गोष्ट त्याच्याही आधीची आहे. शेजारच्या वहिनींकडे चकलीची मोठी ऑर्डर होती. कढईत तीनेक लिटर तेल. दारावर कुणीतरी आलं, वहिनी हिशेबाला बसल्या आणि गॅस मोठाच राहिला. तेल आधी धुरकटलं, मग त्याला काजळीसारखा वास सुटला, आणि काडी न लावताच कढई पेटली. मी माझ्या गाडीतला बाटला घेऊन धावलो. पॅनेलच्या कामाला जाताना दोन किलोचा एबीसी पावडरचा बाटला मी कायम जवळ ठेवायचो. पिन ओढली, ओट्यापासून हातभर अंतरावर उभा राहिलो आणि दाबला.

पांढऱ्या धुरळ्यात ज्योत दिसेनाशी झाली. त्याच फवाऱ्यानं कढईतलं तेलही उडालं. काही ओट्यावर सांडलं, काही शेगडीच्या खाली गेलं, दोन थेंब माझ्या मनगटावर आले. त्याचे डाग आजही आहेत. आठ-दहा सेकंदांत बाटला रिकामा. सगळे ‘विझली, विझली’ म्हणेपर्यंत पावडरीच्या ढगातून कढई पुन्हा भडकली. माझ्या हातात आता नुसतं रिकामं डबडं होतं. तेव्हा वहिनींच्या सासूबाई आतून पितळी परात घेऊन आल्या. परात ढालीसारखी पुढं धरून त्यांनी ती कढईच्या कडेवरून सरकवत आणली आणि कढई झाकली. मग रेग्युलेटर बंद केला. मला म्हणाल्या, ‘आता हात लावू नका कुणी.’ तरी दोन मिनिटांत कुणीतरी परात उचलून पाहिलीच, आणि भप्पकन पुन्हा जाळ झाला. परत झाकली. त्यानंतर अर्धा तास कुणी तिकडं फिरकलं नाही.

त्या दिवशी पावडर का हरली, हे मला नंतर समजलं. आग चालू राहायला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, हवा आणि उष्णता. पावडर ज्योतीतली जळण्याची साखळी तोडते आणि क्षणभर ज्योत मारते. पण ती थंड करत नाही. आपलं शेंगतेल किंवा सूर्यफुलाचं तेल चकलीला लागतं ते साधारण 170 ते 190 अंशांना. दोनशेच्या पुढं ते धूर सोडू लागतं आणि साडेतीनशेच्या आसपास गेलं की आपोआप पेटतं, त्याला बाहेरच्या ठिणगीची गरजच नसते. अशा तेलावरची ज्योत तुम्ही विझवली तरी तेल अजून पेटण्याइतकंच तापलेलं असतं. हवा मिळाली की ते पुन्हा पेटणार. सासूबाईंच्या परातीनं हवाच तोडली आणि तेल थंड होईपर्यंत तोडलेली ठेवली. परात उचलली तेव्हा काय झालं ते वर सांगितलंच.

पाण्याचं तर बोलायलाच नको. तेलावर टाकलेलं पाणी जड असल्यानं तळाशी जातं, तिथं क्षणात वाफ होतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा मागते. ती वाफ सगळं पेटलेलं तेल घेऊन छताला भिडते. पण इथं एक घोटाळा आपल्या मनात पक्का बसलेला आहे. गॅस एजन्सीची माणसं सिलिंडरच्या आगीचं प्रात्यक्षिक दाखवतात, तेव्हा ओलं गोणपाट सिलिंडरच्या तोंडावर टाकून ज्योत दाबतात आणि व्हॉल्व्ह बंद करतात. ते बरोबरच आहे. सिलिंडरपाशी गॅस जळत असतो आणि ओल्या कापडानं त्याची हवा तुटते. लोक मात्र त्यातून एवढंच लक्षात ठेवतात की आग लागली की ओलं कापड. मग पाणी गळणारा टॉवेल पेटलेल्या कढईवर पडतो. गोणपाट सिलिंडरसाठी, परात कढईसाठी. आणि फराळाच्या घरात हाताशी असतं ते बेसन किंवा मैदा, तो चुकूनसुद्धा टाकू नका. बारीक पिठाचा धुरळा ज्योतीवर उडाला की तोच पेटतो.

आता त्या अक्षरांकडे येतो, कारण खरा गोंधळ तिथंच आहे. आपल्याकडे ए म्हणजे लाकूड, कागद, कापड. बी म्हणजे पेट्रोल, रॉकेल, रंग यांसारखी पातळ ज्वलनशील द्रवं. सी म्हणजे गॅस. अमेरिकेतल्या बाटल्यावर मात्र सी हे अक्षर विजेच्या आगीसाठी असतं. एकाच अक्षराचे दोन देशांत दोन अर्थ, आणि तिकडची माहितीपत्रकं इकडे जशीच्या तशी छापली जातात, त्यामुळे दुकानदारसुद्धा कधी सी म्हणजे लाईट असं सांगतो. आपल्या बाटल्यावर विजेचं काम चालतं की नाही, ते अक्षरावरून नव्हे, लेबलावरच्या वीजचिन्हावरून किंवा ‘चालू विजेवर वापरता येतो’ अशा ओळीवरून ठरवायचं.

तळणीचं तेल पूर्वी बी मध्येच धरलं जायचं. द्रवच आहे ना! मग हॉटेलांच्या तळणीत फरक पडला. चरबीऐवजी वनस्पती तेल आलं, तळणीचे डबे जाड आणि उष्णता धरून ठेवणारे आले, आणि जुनी खायच्या सोड्याची पावडर अपुरी पडू लागली. चरबीत मोकळी आम्लं जास्त असल्यानं सोड्यानं तिचा वरच्यावर साबण व्हायचा आणि थर धरला जायचा, वनस्पती तेलात तसं होईना. म्हणून अमेरिकेत 1998 साली तळणीच्या तेलाच्या आगीला के असं वेगळं अक्षर मिळालं. युरोपात त्यालाच एफ म्हणतात. आपल्या दुकानांतून दोन्ही दिसतात, के जरा जास्त.

के किंवा एफ लिहिलेल्या बाटल्यात पोटॅशियमच्या क्षारांचं पाण्यातलं द्रावण असतं. त्याला वेट केमिकल म्हणतात. पाणी तर तेलावर नको ना, मग हे कसं? ते लांब नळीतून बारीक, मऊ तुषारांनी पडतं, धारेनं नाही. गरम तेलाला भिडताच त्याचा साबण होतो आणि तेलावर फेसाचा जाड थर बसतो. हा थर हवा तोडतो आणि तुषारातलं पाणी तेलाला थंडही करतं. एका बाटल्यात परातीचंही काम आहे आणि थंड करण्याचंही. एक-दोन मीटर लांब उभं राहून सावकाश गोल फिरवत फवारायचं आणि आग गेली असं दिसलं तरी बाटला रिकामा होईपर्यंत थांबायचं नाही. माझ्या हाती तेव्हा हा असता तर मनगट वाचलं असतं.

पण हा बाटला सगळ्यांच्या घरी हवा असं मी म्हणणार नाही. रोज दोन माणसांची भाजी-भाकरी आणि सणाला पुरी करणाऱ्या घरात नीट बसणारं झाकण पुरेसं आहे, आणि ते त्याच्यापेक्षा लवकर हाताला लागतं. ज्या घरात आठवड्यातून तीन-चार दिवस लिटरनं तेल तापतं, ऑर्डरचा चिवडा, शेव, कडाकण्या होतात, त्या घराला मात्र वेट केमिकलचा छोटा, दोन लिटरचा बाटला घ्यायला मी सांगेन. आमच्या गटाच्या चार घरांनी तो घेतला आहे. त्यातल्या दोघींनी सुरुवातीला तो शेगडीच्या वरच लावला होता. कढई पेटली की तिच्या ज्वाळांमधून हात घालून बाटला काढायचा, असा तो हिशेब झाला! आता तो स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आहे. पळता येईल अशा वाटेवर.

पॅनेलची आग ही माझी रोजची ओळखीची. लोकांना वाटतं शॉर्टसर्किट झालं की एमसीबी पडतो, म्हणजे आग लागतच नाही. शॉर्टसर्किटला तो पडतोच. पण घरच्या बऱ्याचशा पॅनेलच्या आगी शॉर्टसर्किटच्या नसतात, ढिल्या स्क्रूच्या असतात. गिझर किंवा एसीची जाड तार एमसीबीच्या टर्मिनलमध्ये नीट आवळलेली नसली की त्या सांध्यातून जाणारा करंट तिथंच तापतो. करंट नेहमीइतकाच असतो, त्यामुळे एमसीबीला काही कळत नाही. गळती नसते, म्हणून आरसीसीबीही गप्प राहतो. तार तापते, स्क्रू अजून ढिला होतो, प्लास्टिक पिवळं, मग तपकिरी पडतं. ही अवस्था महिनोन्‌महिने चालते. पॅनेलचं झाकण हाताला कोमट लागणं, गिझर लावला की मासळीसारखा उग्र वास येणं, एखादा दिवा मिचमिचणं, ही त्याची खूण. मी कुणाच्या घरी गेलो की आधी नाकानंच डीबी तपासतो.

पेटलंच तर पहिलं काम मेन स्विच बंद करणं, पण तो पॅनेलच्या आतच आगीत असेल तर हात घालू नका. मेन बंद झाला की डीबीतली आग पुष्कळदा स्वतःच मरते, कारण लोखंडी पेटीत जळायला फार काही नसतं. उरली तर ती आता साध्या प्लास्टिकची आग असते. मीटरच्या बाजूची तार मात्र मेन बंद केला तरी चालूच राहते. तिथं ज्योत असेल तर बाटला हातात घेण्याआधी 101 आणि महावितरणचा 1912 हे दोन फोन करा. घरच्या माणसानं तिथं लढायचं नाही.

डीबीवर विझवायला दोन बाटले चालतात. कार्बन डायऑक्साइडचा आणि पावडरचा. कार्बन डायऑक्साइड स्वच्छ. उडून जातो, मागे काही उरत नाही, म्हणून कारखान्यातल्या आणि बँकेतल्या पॅनेलजवळ तोच दिसतो. उद्यमनगरातल्या कुठल्याही शेडमध्ये जा, काळ्या भोंग्याचा बाटला दिसेल. घराला मात्र त्याच्या दोन अडचणी आहेत. त्याचा मारा दीड-दोन मीटरच जातो, म्हणजे ज्योतीच्या तोंडाशी जावं लागतं. आणि तो हवा हटवून आग विझवतो, ती हवा तुमचीही असते. आठ बाय आठ बाय नऊ फुटांच्या बंद स्वयंपाकघरात सुमारे सोळा घनमीटर हवा असते. साडेचार किलोचा बाटला रिकामा केला तर त्यातून सुमारे अडीच घनमीटर वायू सुटतो, म्हणजे खोलीच्या सातव्या भागाइतका. एवढ्यात माणूस भोवंडून पडतो. भोंगा उघड्या हातानं धरला तर कातडी गोठते, तो वेगळा प्रताप. पेटलेल्या कढईवर मात्र कार्बन डायऑक्साइड पावडरइतकाच निकामी आहे. ज्योत उडते, तेल गरमच राहतं, आणि जोराच्या झोतानं कढई उडू शकते.

पावडर विजेवर चालते, लेबलावर तसं लिहिलेलं असेल तर एक मीटर अंतरावरून फवारता येते. तिचा दोष नंतर दिसतो. एबीसीतलं मोनोअमोनियम फॉस्फेट ओलावा ओढतं. आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पावडर लागलेलं पॅनेल दोन दिवस तसंच राहिलं तर तांब्यावर हिरवट थर येतो आणि एमसीबी सडतात. म्हणून पावडर मारलेलं पॅनेल पुसून पुन्हा चालू करू नका, आतली उपकरणं बदला. घर वाचलं तर हजार-दोन हजारांचे एमसीबी गेले याचं दुःख मला तरी होणार नाही. म्हणून घरासाठी मी एबीसीच सांगतो. कागद, कापड, गादी, पडदा, टीव्ही, डीबी, सगळ्याला तो एक चालतो. फक्त कढईला नाही.

तो लावायचा कुठं, यात लोक चुकतात. आपल्या फ्लॅटमध्ये डीबी बहुधा दाराच्या वर किंवा दाराशेजारच्या शूरॅकवर असते. म्हणजे डीबी पेटली तर आग आणि बाहेरची वाट एकाच जागी. बाटला त्याच्या अगदी खाली लावला तर तो घेताना तुम्ही आगीत जाल. हॉलच्या मधल्या भिंतीवर, जिथून स्वयंपाकघर आणि दार दोन्ही दिसतात, तिथं छातीच्या उंचीवर लावा. जुन्या वाड्यांत स्वयंपाकघर मागच्या पडवीत आणि दार पुढच्या सोप्यात असतं. तिथं दोन बाटले लागतात, एकावर भागत नाही. फवारताना पाठ दाराकडे ठेवा, ज्योतीच्या बुडाशी मारा आणि आठ-दहा सेकंदांत विझली नाही तर दार ओढून बाहेर पडा. दोन किलोच्या बाटल्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

घेताना बाटल्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 15683 हा आकडा पाहा, तयार केल्याचं वर्ष पाहा, काटा हिरव्यात आहे का ते पाहा. कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्याला काटा नसतो, तो वजनावर तपासतात. पावडरचा बाटला महिन्या-दोन महिन्यांनी उलटा करून हलवा, कारण न हलवलेली पावडर तळाशी दगडासारखी बसते आणि काटा हिरव्यात असूनही बाहेर नुसता वारा येतो. असे बाटले मी खूप घरांत पाहिलेत. थोडासा जरी वापरला तरी तो संपला असं धरा आणि लगेच भरून घ्या. झडपेत पावडरीचा कण अडकला की उरलेला दाब हळूहळू निघून जातो, आणि काटा खाली आलेला कुणी पाहत नाही.

गॅसच्या आगीबद्दल पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, म्हणून इथं दोनच ओळी. रेग्युलेटर बंद करता येत असेल तर आधी तेच. बंद होत नसेल तर ज्योत विझवू नका. जळणारा गॅस दिसतो, न जळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीवर पसरून कोपऱ्यातल्या फ्रिजच्या ठिणगीची वाट पाहतो. अशा वेळी माणसं बाहेर काढून 1906 आणि 101.

ही पुस्तिका वाचायला तासभर लागेल. पान उलटण्याआधी एक काम करा. घरातली सर्वांत मोठी कढई काढा आणि तिच्यावर पूर्ण बसेल असं जाड झाकण किंवा परात घरात आहे का ते प्रत्यक्ष ठेवून पाहा. नसेल तर बाटल्याच्या आधी ती घ्या.